सर्वांसाठी म्हणजे कोणासाठी?

आमच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक रिकामे पाकीट आम्ही जपून ठेवले आहे. पाकीट गुलाबी रंगाचे आहे. त्यावर एका बाजूस कमळ, दुसऱ्या बाजूस समई, आणि मधोमध सोनेरी अक्षरांत छापलेले वाक्य आहे : ‘सर्वांसाठी, सर्व प्रसंगी’. हे वाक्य आमचे स्वतःचे. ते सुचले त्या रात्री आनंदाने आम्हांस झोप लागली नव्हती. पुढे त्याच वाक्यापायी कित्येक रात्री झोप लागली नाही, ती हकीकत वाचकांपुढे ठेवावी म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचे घराणे चार पिढ्यांपूर्वी बडोद्यास आले आणि दांडिया बाजारच्या आसपासच वाढले. व्यापार आमच्या रक्तात नाही. आजोबा सरकारी दफ्तरात होते, वडील शिक्षक होते, आणि आम्ही एका कचेरीत हिशेबनीस म्हणून तीस वर्षे काढली. २०१३ साली आमचा धाकटा भाऊ अचानक गेला. मागे भावजय आणि शाळेत जाणारी दोन मुले राहिली. भावजयीच्या हाताला चव होती, कष्टांची तयारी होती, आणि कोणाच्या दारी मदत मागण्यास तिची तयारी नव्हती. तेव्हा सेवानिवृत्तीच्या रकमेतून दोन लाख रुपये बाजूस काढून आम्ही तिला घरगुती खाद्यपदार्थांचा व्यवसाय काढून द्यावा असे ठरविले. हिशेब आम्ही पाहावयाचा, पदार्थ तिने करावयाचे.

२०१४च्या गुढीपाडव्यास प्रारंभ झाला. पदार्थ चौदा होते : गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, तीन प्रकारच्या चटण्या, पोह्यांचा चिवडा, शेव, दोन प्रकारचे लाडू, पापड, कुरडया, सांडगी मिरची आणि लिंबाचे लोणचे. एक पदार्थ आवडला नाही तर दुसरा आवडेल, मराठी माणसाने घेतले नाही तर गुजराती घेईल, हा आमचा तर्क. मोठे जाळे टाकले की मासे अधिक, इतके सोपे आम्हांस ते वाटले होते.

मग त्या जाळ्यास शोभेल अशा रीतीने आम्ही पदार्थांतच फेरफार करू लागलो. गुजराती गिऱ्हाइकास तिखट सोसणार नाही म्हणून चटणीतील मिरची कमी केली आणि चिमूटभर साखर वाढविली. मराठी घरांना परके वाटू नये म्हणून गोड फार होऊ दिले नाही. गोड्या मसाल्यातील दगडफूल काहींना उग्र वाटते म्हणून ते निम्म्यावर आणले. प्रत्येक बदलामागे कोणा तरी एका गिऱ्हाइकाची सूचना होती, आणि प्रत्येक सूचना ऐकणे हे आम्ही नम्रतेचे लक्षण मानीत होतो. परिणाम असा झाला की आमची चटणी मराठी घरांत मिळमिळीत ठरली, आणि गुजराती घरांत ती आणण्याचे काही कारणच उरले नाही, कारण त्या चवीची चटणी त्यांच्या घरी आधीपासून होतीच. दोन आवडींच्या मध्यावर जी चव असते ती दोघांचीही नसते, ही गोष्ट हिशेबनिसाला कळावयास हवी होती. चार फुटी आणि सहा फुटी माणसांची सरासरी पाच फूट येते खरी, पण त्या मापाचा सदरा शिवला तर तो दोघांनाही बसत नाही.

दुसरी अडचण दुकानात उघड झाली. आमच्या ओळखीचे एक किराणा दुकानदार आहेत, माणूस सज्जन. त्यांनी पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत विचारले, “काका, माल तर चांगला आहे. पण हे ठेवू कुठे?” आम्ही म्हटले, “कुठेही ठेवा शेठ, सर्वांसाठीच आहे.” शेठजींनी ते खरोखरीच कुठेही ठेवले. मसाल्यांच्या फळीवर मोठ्या कंपन्यांचे मसाले होते, शेव-चिवड्याच्या फळीवर फरसाणवाल्यांचा ताजा माल होता, लोणच्यांच्या फळीवर बरण्यांची रांग होती. प्रत्येक फळीवर आमचे पाकीट परक्या मांडवात आलेल्या पाहुण्यासारखे एका कोपऱ्यात उभे. गिऱ्हाईक त्याकडे पाही आणि शेजारच्या पाकिटाशी किंमत ताडून पाही. शेजारचे पाकीट यंत्रावर लाखांनी निघालेले, ते दहा रुपयांनी स्वस्त असावयाचेच.

आता मागे वळून पाहता वाटते, ‘कुठे ठेवू’ हा प्रश्न शेठजींनी फळीविषयी विचारला होता, पण तोच प्रश्न गिऱ्हाइकाचे मनही विचारीत होते. अल राइज आणि जॅक ट्राउट या अमेरिकेतील दोन जाहिरात-व्यावसायिकांनी १९७२ साली नेमका हाच विचार एका लेखमालेत मांडला आणि १९८१ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की मालाची खरी मांडणी दुकानात होत नसून ती गिऱ्हाइकाच्या मनात होते. मनात प्रत्येक गरजेसाठी एक लहानशी फळी असते आणि तिच्यावर मोजक्या नावांपलीकडे जागा नसते. ज्या मालाची फळीच ठरलेली नाही, तो चांगला असूनही आठवत नाही. आज ज्याला ब्रँड म्हणतात आणि आमच्या लहानपणी ज्याला छाप किंवा मार्का म्हणत, तो म्हणजे अखेर ही आठवणच. अमुक गरज निर्माण झाली की अमुक नाव ओठांवर यावे, एवढाच त्याचा अर्थ. ‘सर्व प्रसंगी’ म्हणणाऱ्याची आठवण कोणत्याच प्रसंगी होत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट होती ती स्तुती. ज्याने त्याने पदार्थ वाखाणले. “वा, फारच सुरेख!” असे म्हणून लोक एक पाकीट घेत, आणि पुन्हा येत नसत. पहिले पाकीट माणूस भिडेने घेतो, कुतूहलाने घेतो, विधवा बाईस मदत म्हणूनही घेतो. दुसरे पाकीट मात्र तो आपल्या गरजेसाठी घेतो. आम्ही पहिल्या पाकिटांची बेरीज करून आनंदत होतो. २०१६च्या अखेरीस वही मिटवून पाहिली तेव्हा दोन लाखांपैकी एक लाख चाळीस हजार संपले होते. भावजयीने त्या रात्री फक्त एवढेच विचारले, “भाऊजी, बंद करायचं का?”

उत्तर देण्यापूर्वी आम्ही तिच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली, आणि तीस वर्षे जे काम केले तेच करावयास बसलो. वह्या काढल्या. उधारीमुळे घरून माल नेणाऱ्यांची नावे आमच्याकडे होती. त्यातून आम्ही एकच गोष्ट शोधली : न सांगता, न आठवण करता, तिसऱ्यांदा किंवा त्याहून अधिक वेळा कोण आले, आणि काय घेऊन गेले?

चौदांपैकी अकरा पदार्थांना अशी माणसे जवळजवळ नव्हतीच. उरले तीन. चिवड्याला होती, पण ती दिवाळीपुरती. मेतकुटाला थोडी होती, पण एक पाकीट त्यांना चार-चार महिने पुरे. थालीपिठाच्या भाजणीला मात्र एकतीस घरे अशी निघाली की ज्यांनी वर्षभर, दर महिन्या-दीड महिन्यांनी, अर्धा किलो भाजणी नेली होती. गंमत अशी की भाजणीविषयी आमच्याजवळ कोणी फारशी स्तुती केलेली नव्हती. गरजेच्या वस्तूची माणूस स्तुती करीत नाही. ती संपली की आणतो, एवढेच.

भाजणीतच आम्ही काही बदल केला नव्हता, हेही तेव्हाच ध्यानात आले. करणार तरी काय? ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू, हरभऱ्याची डाळ, उडीद, धणे, जिरे, यांतील प्रत्येक धान्य निरनिराळे भाजावे लागते. तांदळाला लागणारी आच डाळीला सोसत नाही, आणि धण्याजिऱ्यांना तर नुसती ऊब पुरते. सगळे एका कढईत लोटले तर अर्धे कच्चे राहते, अर्धे करपते. जे शहाणपण भावजय रोज कढईपाशी वापरीत होती, ते आम्हांला धंद्यात दोन वर्षे सुचले नव्हते.

त्या एकतीस घरांपैकी जितक्यांकडे जाता आले तितक्यांकडे आम्ही गेलो. ‘आमची भाजणी कशी वाटते?’ असे मुद्दाम विचारले नाही, कारण त्याचे उत्तर ‘छान’ असेच येते. आम्ही विचारले, “आमच्याकडून नेण्यापूर्वी आपण काय करीत होता?” हा प्रश्न साधा आहे, पण धंदा करू इच्छिणाऱ्या कोणाही माणसाने तो विसरू नये. उत्तरे ऐकता ऐकता एकाच कथेच्या निरनिराळ्या आवृत्त्या ऐकत आहोत असे वाटू लागले. कोणाची आई पुण्याहून येताना भाजणी आणीत असे, आता आईला प्रवास झेपत नाही. कोणाच्या सासूबाई घरी भाजीत, त्या गेल्या. कोणी स्वतः एकदा करून पाहिली, पण सांगितलेल्या प्रमाणाचा कागद हरवला आणि गिरणीवाल्याने गव्हावर दळून दिली. एक बाई म्हणाल्या, “चिवडा इथे दहा ठिकाणी मिळतो हो. भाजणी मात्र माणसाबरोबर जाते.”

आमचे गिऱ्हाईक आम्हांस त्या दिवशी सापडले. ज्या घरी थालीपीठ होते, पण भाजणी करणारे किंवा आणून देणारे कोणी उरलेले नाही, ते घर. ‘मराठी लोक’ ही व्याख्या नव्हे, ती फार ढिली आहे. ‘गृहिणी’ हीही नव्हे. बाजारपेठेचा कोपरा निवडावयाचा म्हणजे वय, जात किंवा मिळकत निवडणे असे पुष्कळांना वाटते. खरे पाहता अमुक प्रसंगी अडलेला माणूस निवडावयाचा असतो. तो कोठे अडतो आणि आजवर कशावर भागवीत होता, ही दोन उत्तरे एका वाक्यात बसली की निवड पुरेशी स्पष्ट झाली असे समजावे. वाक्यात ‘किंवा’, ‘तसेच’, ‘इत्यादी’ हे शब्द शिरू लागले की कोपरा पुन्हा मैदान होऊ लागला आहे.

पण गिऱ्हाईक सापडणे निराळे आणि त्याच्यावर संसार चालणे निराळे. कोपरा इतका लहान तर नाही ना, की त्यात उभे राहावयासही जागा नाही? इथे आत्मविश्वास कामाचा नव्हता, मोजदाद कामाची होती. भावजयीच्या घरखर्चास महिना दहा हजार, मदतनीस बाईंस साडेतीन हजार, जागेचे भाडे व वीज दीड हजार, असे पंधरा हजार रुपये दरमहा सुटावयास हवे होते. भाजणी तेव्हा आम्ही एकशे साठ रुपये किलोने विकत होतो. धान्य, दळण, पाकीट मिळून नव्वद रुपये आणि दुकानदाराचे वीस रुपये वजा जाता किलोमागे पन्नास उरत. म्हणजे महिन्याला तीनशे किलो, आणि घरटी अर्धा किलो धरल्यास सहाशे घरे लागणार.

शहरातील निरनिराळ्या मंडळांच्या वर्गणीदार याद्या आणि ओळखीपाळखी मिळून सुमारे पंधराशे मराठी घरांचे पत्ते आम्ही गोळा केले. त्यांतील साठ घरी २०१७च्या फेब्रुवारीत भावजय स्वतः गेली. भाजणी फुकट वाटावयाची नाही, पूर्ण किमतीस द्यावयाची, आणि सहा आठवडे कोणाकडेही फिरकावयाचे नाही, असा नियम आम्ही घातला. फुकट दिलेली वस्तू कोणीही घेतो, त्यावरून काही कळत नाही. सहा आठवड्यांत साठांपैकी बावीस घरांनी होऊन पुन्हा मागणी केली. उरलेल्यांकडे नंतर चौकशी केली तेव्हा चौदा घरांना अजूनही गावाहून भाजणी येत होती. बाकीच्या चोवीस घरांत थालीपीठ क्वचितच होत होते. ही अडतीस घरे आपली नव्हेत हे कळणेही बावीस घरे आपली आहेत हे कळण्याइतकेच उपयोगी पडले. त्यांच्या मागे धावून त्यांच्यासाठी माल बदलण्याचा मोह आता आम्ही टाळू शकत होतो.

साठांत बावीस म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. पण पहिली घरे ओळखीची, त्यांत भीड असणारच. म्हणून आम्ही सावधपणे चौथा हिस्सा धरला. पंधराशेंचा चौथा हिस्सा पावणेचारशे. हवी होती सहाशे. हिशेब जमत नव्हता.

तो जमला तो किमतीमुळे, आणि किमतीचे गुपितही त्या कोपऱ्यातच होते. चौदा पदार्थांच्या गर्दीत आमच्या भाजणीची तुलना शेजारच्या बेसनाशी होत असे. पण ज्या बाईंच्या सासूबाई गेल्या, त्यांची तुलना बेसनाशी नव्हती. पुण्याहून कोणी येईल तेव्हा मिळणाऱ्या, आणि बहुधा न मिळणाऱ्या, भाजणीशी होती. एकतीस घरांपैकी काहींना आम्ही दोनशे रुपये भाव सांगून पाहिला. एकाच घराने कां कूं केले. दोनशेच्या भावाने, घरपोच देणाऱ्या मुलाचे पंचवीस रुपये वजा जाता, किलोमागे पंच्याऐंशी उरत होते. आता महिन्याला एकशे सत्त्याहत्तर किलो पुरे, म्हणजे सुमारे साडेतीनशे घरे. पावणेचारशेंच्या आत, पण जेमतेम आत. साठ हजार रुपये शिल्लक होते, आणि वाट अरुंद असली तरी दिसत होती. आम्ही भावजयीला म्हटले, “बंद करू नकोस. तेरा पदार्थ बंद कर.”

हे म्हणणे जितके सोपे, तितके करणे कठीण गेले. तेरा पदार्थांपासून थोडे का होईना पैसे येत होते. कोपरा निवडण्याची भीती इथेच असते. जे सोडावयाचे ते आज डोळ्यांना दिसते, जे मिळावयाचे ते उद्या मिळणार. त्या भीतीवर आम्हांस एकच उपाय सापडला, तो म्हणजे कसोटी आधीच लिहून ठेवणे. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही लिहिले : सप्टेंबरअखेर महिन्यास एकशे वीस किलो झाले नाहीत, किंवा दुसरे पाकीट घेणारांचे प्रमाण चारांत एकाहून कमी झाले, तर व्यवसाय बंद. तोवर कितीही वाईट दिवस आले तरी नवा पदार्थ नाही. अशी खूण आधी केलेली नसली तर प्रत्येक मंद आठवडा माणसाला घाबरवितो आणि तो पुन्हा ‘थोडे हेही ठेवू’ म्हणू लागतो.

वाईट दिवस आलेच. एप्रिलात सत्तर किलो गेले, मे महिन्यात लोक गावी गेल्यामुळे पंचावन्न. नेमक्या त्याच महिन्यात एका लग्नघरून वीस किलो चिवड्याची मागणी आली. आगाऊ रक्कम देण्यास ते तयार होते. आमचा हात पुढे झाला होता, हे प्रांजळपणे सांगावयास हवे. भावजय म्हणाली, “भाऊजी, चार दिवस चिवड्यात गेले तर भाजणीची पंचवीस घरं खोळंबतील. ती पुन्हा गावाहून मागवायला लागली, म्हणजे?” त्या लग्नघराला तिने दुसऱ्या एका बाईंचे नाव सुचविले.

एकदा कोणासाठी हे ठरले म्हणजे बाकीचे निर्णय आपोआप कसे सुटत जातात, याचे आम्हांस नवल वाटले. पूर्वी पाकिटाच्या रंगावरून आमच्यात आठ दिवस वाद झाला होता. आता वादाला जागा नव्हती. पाकीट अर्ध्या किलोचेच, कारण घरे लहान आणि भाजणीचा वास फार दिवस टिकत नाही. कमळ आणि समई गेली. समोर मोठ्या अक्षरांत ‘भाजणी’ एवढाच शब्द, आणि त्याखाली दळल्याची तारीख, कारण या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ‘ताजी आहे ना?’ हाच असे. पाठीमागे एका थालीपिठाची कृती : कांदा किती, पाणी कोमट, तव्यावर थापताना मध्ये भोके पाडून तेल कोठे सोडावे. ही कृती सर्वांसाठी लिहिलेली नव्हती. सासूबाईंना विचारता येत नाही अशा सुनेसाठी ती होती, आणि ती तशी वाचलीही गेली. माल विकावयाची जागाही बदलली. शेठजींच्या फळीऐवजी मंडळांचे हळदीकुंकू, कोजागरी आणि घरपोच फेऱ्या. ज्याला शोधावयाचे तो कोठे जमतो हे ठाऊक असले की जाहिरातीचा खर्च फारसा उरत नाही.

सप्टेंबरात एकशे अडतीस किलो गेले. मार्च २०१८च्या सुमारास महिन्याची सरासरी एकशे नव्वद किलोंवर आली. आकडा लहान आहे, पण तेवढ्यात एक घर उभे राहिले.

याच सुमारास आमचे भाचे, जे व्यवस्थापनशास्त्र शिकले आहेत, सुटीत आले आणि आमची खोडी काढण्यासाठी म्हणाले, “मामा, मग निर्माचं काय? ती तर सर्वांसाठीच आहे की!” गुजरातेत राहणाऱ्या कोणालाही हा आक्षेप सुचेल, म्हणून त्याचे उत्तर इथे द्यावयास हवे. करसनभाई पटेल यांनी अहमदाबादेत १९६९ साली घराच्या मागच्या अंगणात ती पूड बनविण्यास आरंभ केला आणि सायकलीवरून दारोदार विकली. त्या वेळी नामांकित कंपनीची धुण्याची पूड किलोला सुमारे तेरा रुपयांस मिळे, यांनी आपली सुमारे तीन रुपयांस दिली. म्हणजे तिचे गिऱ्हाईक ‘सर्व’ नव्हते. पूड हवी असून ती परवडत नाही म्हणून साबणाच्या वडीवर भागविणारे घर, हे तिचे गिऱ्हाईक होते. महाग पूड वापरणाऱ्या श्रीमंत घराला खूश करावयाचे म्हणून तिने सुगंध वाढविला असता, तर भाव तीन रुपये राहिला नसता. सर्वांच्या आवडीची म्हणून जी गाणी लोकांनी ऐकली ती पुढची, तो कोपरा जिंकल्यानंतरची. शिवाय कोपरा म्हणजे नेहमी मूठभर माणसेच असे नाही. निर्माच्या कोपऱ्यात कोट्यवधी घरे होती. कोपऱ्याची कड स्पष्ट असावी लागते, आकार मग लहान असो वा मोठा. भाचे हसले, आणि दोन पाकिटे भाजणी घेऊन मुंबईस गेले.

आणखी एक अनुभव सांगावयाचा राहिला. आम्ही मराठी घरांपुरतेच बोलू लागलो, तेव्हा गुजराती शेजारी दूर जातील अशी धास्ती होती. झाले उलटे. पूर्वी ‘सर्वांसाठी’ म्हटलेले पाकीट ज्यांनी उघडूनही पाहिले नव्हते, त्या समोरच्या बेन एके दिवशी विचारीत आल्या, “हे तुमच्या लोकांचे हांडव्याच्या पिठासारखे काही आहे ना?” वस्तू कोणाची आहे हे स्पष्ट असले की परक्यालाही तिच्याजवळ येता येते. पाहुणा जेवावयास येतो तो यजमानाच्या घरच्या चवीसाठी. त्याच्याच घरासारखे जेवण वाढले तर तो कशाला येईल? मात्र बेन आल्या म्हणून भाजणीत साखर घातली नाही. त्या जशा आल्या तशी त्यांना ती दिली.

या मार्गाला मर्यादाही आहेत, त्या लपविण्यात अर्थ नाही. आमचा कोपरा झिजणारा आहे. नव्या पिढीच्या किती घरांत थालीपीठ होईल, हे आम्हांस रोज भेडसावते. म्हणून दर फेब्रुवारीत भावजय साठ घरांची तीच चाचणी पुन्हा करते. जिथे माणसे थोडी, गरज वर्षातून एकदा आणि भावही वाढविता येत नाही, असा कोपरा कितीही रेखीव असला तरी धरू नये. आणि वाढ करावयाचीच तर ती पदार्थांच्या अंगाने न करता त्याच घराच्या गरजेच्या अंगाने करावी. २०१७च्या दिवाळीस आम्ही चकलीची भाजणी आणली, पुढच्या आषाढीस उपासाची. पाकिटे तीन झाली, पण गिऱ्हाईक तेच. भाजून, दळून देणारे माणूस ज्या घरात उरले नाही, ते घर.

परवा वह्या चाळताना आमच्या जुन्या खोडीने पुन्हा उचल खाल्ली. दगडफूल पुरते घालून जुन्या पद्धतीचा गोडा मसाला केला तर चांगला खपेल, असे आम्ही भावजयीस सुचविले. ती भाजणी चाळीत होती. हात न थांबविता तिने विचारले, “कोणासाठी, भाऊजी?”

आम्ही थोडा वेळ विचार केला. उत्तर एका वाक्यात येईना. ‘तसेच’ आणि ‘इत्यादी’ हे शब्द मध्ये मध्ये येऊ लागले. तेव्हा आम्ही वही मिटली आणि चहा टाकावयास गेलो.